रिपोर्टमधले दोन शब्द : घरी राहावे की रुग्णालयात?

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, दवाखाना बंद करण्याच्या वेळी, आमच्या गावातील एक निवृत्त मुख्याध्यापिका लेकाचा हात धरून आल्या. वय ५८. सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून येथेही बाईच म्हणतो. दोन दिवसांपासून ओटीपोटात डाव्या बाजूला दुखत होते आणि त्या दिवशी सकाळपासून अंगात कणकण होती. मुलाने परस्पर सीटी स्कॅन करून आणला होता. रिपोर्ट त्याने वाटेतच वाचला होता आणि त्याचा चेहरा आईपेक्षा अधिक उतरलेला होता. "डॉक्टर, आतड्याची भिंत जाड झाली आहे म्हणतात, आणि चरबीतही काहीतरी पसरलं आहे. कॅन्सर आहे का? आणि आजच ॲडमिट करायचं ना?"

रिपोर्टातील शब्द होते 'वॉल थिकनिंग' आणि 'फॅट स्ट्रँडिंग'. निदान होते डायव्हर्टिक्युलायटिस. त्या रात्री बाई स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणावर झोपल्या. त्यानंतर महिन्याभरात हेच दोन शब्द असलेला रिपोर्ट घेऊन दुसरे एक गृहस्थ आले. त्यांचे पोट बाईंच्या निम्म्यानेही दुखत नव्हते, तरी त्यांना मात्र त्याच तासाला रुग्णालयात पाठवावे लागले. शब्द तेच असून निर्णय उलटे का झाले, हे आज आपल्याला सांगायचे आहे. असा रिपोर्ट हाती आला की घरातील माणसे याच दोन शब्दांवर अडतात आणि खरा निर्णय ज्यावर ठरतो त्या ओळींकडे त्यांचे लक्षच जात नाही.

आधी आजार समजून घेऊ. मोठ्या आतड्याच्या भिंतीत स्नायूंचा एक थर असतो. आतील अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या ज्या ठिकाणी या थरातून आत शिरतात, तेथे भिंत जन्मतःच थोडी दुबळी असते. वयाबरोबर, आतड्यातील दाबामुळे, त्या फटींतून आतले अस्तर बाहेर फुगते. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुग्यासारखी डोकावते, तसेच हे. या लहान पिशव्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या भागात, म्हणजे सिग्मॉइडमध्ये, त्या सर्वाधिक आढळतात आणि हा भाग ओटीपोटात डावीकडे असतो. पूर्व आशियातील लोकांत त्या उजव्या बाजूला अधिक दिसतात आणि तेथे दाह झाला की तो हुबेहूब अपेंडिक्ससारखा वाटतो. आपल्याकडेही असे रुग्ण अधूनमधून भेटतात. पिशव्या असणे हा आजार नव्हे. बहुतेकांना त्या आहेत हे आयुष्यभर कळतही नाही. त्यांपैकी एखादीला दाह झाला, सूज आली, की तो डायव्हर्टिक्युलायटिस.

आता ते दोन शब्द.

भिंत जाड झाली म्हणजे काय, हे कळणे सोपे आहे. हात सुजला की तो जसा जाड दिसतो, तशीच दाह झालेली आतड्याची भिंत. हवेने किंवा द्रवाने नीट फुगलेल्या मोठ्या आतड्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. बाईंच्या रिपोर्टात ती ८ मिलिमीटर होती. परंतु हा शब्द एकटा असेल तर त्यावर फार विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्कॅनच्या क्षणी आतडे आकुंचन पावलेले असेल, तर निरोगी भिंतही जाड दिसते. ज्यांना बरीच वर्षे या पिशव्या आहेत, त्यांच्या सिग्मॉइडचा स्नायू दाह नसतानाही जाडच झालेला असतो. आणि कर्करोगातही भिंत जाड होते. म्हणजे एकाच खुणेची तीन वेगवेगळी कारणे असू शकतात.

'फॅट स्ट्रँडिंग' हा साक्षीदार मात्र अधिक भरवशाचा आहे. मुलाने त्याचा अर्थ 'चरबीत काहीतरी पसरले' असा घेतला, आणि पसरले हा शब्द ऐकला की आपल्या मनात लगेच कर्करोग येतो. वास्तविक येथे तसे काही नाही. आपल्या पोटात आतड्यांच्या अवतीभवती चरबीचे मऊ अस्तर असते. सीटीच्या चित्रात हवा काळीकुट्ट दिसते, चरबी गडद करडी, पाणी त्याहून फिकट आणि हाड पांढरे. निरोगी चरबी एकसारखी, स्वच्छ, गडद करडी असते आणि त्या पार्श्वभूमीवर आतड्याची कड रेखीव उठून दिसते. शेजारी दाह सुरू झाला की रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि तो चरबीत शिरतो. स्वच्छ काचेवर ओल्या फडक्याचे ओरखडे उमटावेत तशा फिकट, धुरकट रेषा तेथे दिसू लागतात. या रेषा म्हणजेच स्ट्रँडिंग. त्या सांगतात एवढेच, की येथे आग आहे आणि ती भिंतीच्या बाहेरपर्यंत जाणवते आहे. चरबीत जंतूंची वसाहत झाली किंवा गाठ पसरली, असा त्याचा अर्थ नाही.

डायव्हर्टिक्युलायटिसची एक खास ओळख आहे. भिंतीची जाडी मध्यम आणि भोवतालच्या चरबीतील धुरकटपणा मात्र त्या मानाने पुष्कळ, असे चित्र त्यात दिसते. कर्करोगात बहुधा याच्या उलट आढळते. आतड्याचा थोडासाच भाग एकदम जाड आणि वेडावाकडा, त्याच्या कडा खांद्यासारख्या अचानक उठलेल्या, शेजारच्या लसिकाग्रंथी वाढलेल्या, आणि चरबी त्या मानाने स्वच्छ. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण कधीकधी रेडिओलॉजिस्टलाही खात्रीने सांगता येत नाही आणि मग दुर्बिणीने तपासूनच शंका फिटते. त्याकडे पुढे येऊच.

या खुणेची एक मर्यादाही लक्षात ठेवावी. अगदी कृश माणसाच्या पोटात चरबीच कमी असते. पार्श्वभूमीच नसेल तर त्यावर ओरखडे कोठे दिसणार? अशा रुग्णाच्या रिपोर्टात स्ट्रँडिंगचा उल्लेख किरकोळ असला, म्हणून दाह किरकोळ आहे असे मानता येत नाही.

तर हे दोन शब्द एकत्र आले, सोबत पिशव्या दिसल्या आणि दुखणे त्याच जागी असले, की निदान पक्के होते. परंतु आजार आहे एवढेच त्यातून कळते. तो किती धोकादायक आहे हे कळत नाही. साधा, घरी बरा होणारा दाह असो की पू झालेला, हे दोन शब्द दोन्हीकडे असतात. म्हणून मी मुलाला म्हटले, "हे शब्द राहू देत. याच्या खालच्या ओळी वाच." त्या ओळींत 'नाही' हा शब्द तीन वेळा आला होता. आतड्याबाहेर हवा नाही. पुवाची पोकळी नाही. पोटात मोकळा द्रव नाही. घर की रुग्णालय हा निर्णय या तीन 'नाहीं'वर उभा असतो.

आतड्याबाहेर हवा दिसणे म्हणजे पिशवीला भोक पडले आहे. ही हवा भिंतीला चिकटून दोनचार बुडबुड्यांइतकी असेल, तर भोक लहान असून शरीराने ते बहुधा बुजवलेले असते. असा रुग्ण निदान काही दिवस तरी प्रतिजैविकांवर आणि डॉक्टरांच्या नजरेखाली असावा. तीच हवा दूर, यकृताच्या वर किंवा पोटभर विखुरलेली असेल, तर प्रकरण सर्जनचे आणि तातडीचे. पुवाची पोकळी, म्हणजे गळू, असेल तर त्याचे माप महत्त्वाचे ठरते. साधारण ४ सेंटिमीटरपर्यंतचे गळू शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांनी अनेकदा जिरते. त्याहून मोठे असेल आणि त्याच्यापर्यंत सुई सुरक्षितपणे पोहोचत असेल, तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या साहाय्याने त्यात बारीक नळी घालून पू काढतात. आणि पू किंवा आतड्यातील मळ पोटभर पसरला असेल, तर शस्त्रक्रियेला सहसा पर्याय नसतो. रिपोर्टात कधीकधी 'हिंची' असा शब्द व पुढे रोमन आकडा असतो. १९७८ मध्ये हिंची या सर्जनच्या नावाने आलेली ही पायऱ्यांची उतरंड आहे : आतड्यालगतचे गळू ही पहिली पायरी, जरा दूरचे किंवा ओटीपोटातले गळू ही दुसरी, पोटभर पू ही तिसरी आणि पोटभर मळ ही चौथी. पुढे इतरांनी त्यात सुधारणा करून शून्य आणि एक-अ अशा खालच्या पायऱ्या जोडल्या. केवळ जाड भिंत आणि चरबीतील धुरकटपणा असलेल्या बाई याच खालच्या पायरीवर होत्या.

येथे एक व्यावहारिक गोष्ट. या तीन 'नाहीं'वर विश्वास ठेवायचा, तर सीटी शक्यतो शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन केलेला असावा. कॉन्ट्रास्टमुळे गळवाची कड उजळते आणि ते नजरेत भरते. साध्या सीटीवर हवा आणि स्ट्रँडिंग दिसते, पण लहान गळू आतड्याच्या वेटोळ्यांत लपून राहू शकते. त्याआधी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. मूत्रपिंडे दुबळी असतील आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी सुरू असेल, तर ती कॉन्ट्रास्टनंतर ४८ तास थांबवून, क्रिएटिनिन पुन्हा पाहून मगच सुरू करायची असते. ही गोळी घेत असल्याचे सीटीच्या केंद्रावर न विचारताच सांगावे.

परंतु निर्णय केवळ चित्रावर होत नाही. चित्र एका क्षणाचे असते आणि रुग्ण समोर बसलेला असतो. बाईंचा ताप १००.४ होता. उलटी नव्हती. पाणी, सरबत पोटात टिकत होते. पोट डावीकडे दाबल्यावर दुखे, पण ते लाकडासारखे कडक नव्हते आणि दुखणे एका तळहाताएवढ्या जागेतच होते. मधुमेह नाही, स्टेरॉइड नाही, मूत्रपिंडाचा विकार नाही. पांढऱ्या पेशी १२,८०० आणि सीआरपी ६२. दाह मोजणाऱ्या या सीआरपीचा आकडा १४०च्या वर गेला किंवा पांढऱ्या पेशी १५,०००च्या वर गेल्या, तर आजार पुढे सरकण्याची शक्यता वाढते, असे मानले जाते. (हा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटर या मापात आहे. काही प्रयोगशाळा डेसिलिटरचे माप छापतात. तेथे ६.२ लिहिलेले म्हणजे आपले ६२. माप न पाहता नुसता आकडा वाचून निश्चिंत झालेले लोक मी पाहिले आहेत.) घरात मुलगा आणि सून होते, रुग्णालय पंधरा मिनिटांवर होते. सर्जन मित्राला फोनवर सारे वाचून दाखवले आणि आम्ही दोघांनी ठरवले, घरी.

मुलाला हे पटवणे कठीण गेले नाही. खरी पंचाईत पुढे झाली. मी प्रतिजैविक लिहिले नाही.

"म्हणजे औषधच नाही?" बाईंनीच विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता. मी शिकलो तेव्हा डायव्हर्टिक्युलायटिस म्हणजे उपाशी ठेवणे, सलाईन आणि दोन प्रतिजैविके, असे समीकरणच होते. पुढे स्वीडन आणि आइसलँडमधील ६२३ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. सीटीवर साधा दाह असलेल्या निम्म्या रुग्णांना प्रतिजैविके दिली, निम्म्यांना नाही. बरे होण्याचा काळ, गुंतागुंत, आजार उलटणे, कशातही उल्लेखनीय फरक पडला नाही. नेदरलँड्समधील ५२८ रुग्णांच्या चाचणीने २०१७ मध्ये हीच दिशा दाखवली. आणि २०२१ मध्ये स्पेनमधील ४८० रुग्णांच्या चाचणीत तर रुग्ण घरीच होते. प्रतिजैविके घेणारे आणि न घेणारे, दोघांचीही वाटचाल जवळपास सारखीच राहिली. यावरून दिसते, की असा साधा दाह जंतूंच्या आक्रमणापेक्षा शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेचा अधिक असावा आणि तो आपोआप शमतो.

मात्र यातील 'साधा' हा शब्द कोणीही गाळू नये. या चाचण्यांत रुग्ण निवडून घेतलेले होते : सीटीवर पू नाही, हवा नाही, प्रतिकारशक्ती शाबूत, प्रकृती एरवी बरी. ज्यांना उलट्या होत आहेत, जे अशक्त किंवा अतिवृद्ध आहेत, ज्यांचा सीआरपी वर सांगितल्याएवढा चढला आहे, ज्यांच्या आतड्याचा बराच लांब भाग सुजलेला आहे किंवा शेजारी थोडाही द्रव साठला आहे, त्यांना प्रतिजैविके द्यावीतच. ती कित्येकदा तोंडाने, घरीही देता येतात. म्हणजे प्रतिजैविक देणे आणि रुग्णालयात ठेवणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात.

बाईंचे घरचे उपचार असे होते. पहिला दिवस फक्त द्रव : नारळपाणी, साखर-मिठाचे सरबत, वरणाचे वरचे पातळ पाणी, गाळलेली पेज. आतड्याला विश्रांती मिळावी हा हेतू, उपवास घडवणे हा नव्हे. दुसऱ्या दिवशी भूक लागली तर मऊ भात, ताक. वेदनेसाठी पॅरासिटामोल ६५० मिलिग्रॅम, गरजेप्रमाणे दर सहा तासांनी. घरातील औषधांच्या डब्यात आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक असलेल्या गोळ्या निघाल्या, त्या मी बाजूला काढायला लावल्या. या जातीच्या गोळ्यांचा आणि आतड्याला भोक पडण्याचा संबंध दिसून आलेला आहे. एरंडेल, एनिमा, जुलाबाचे चूर्ण काहीही नाही. शेजारच्या आजींनी बेंबी सरकली असेल म्हणून पोट चोळून घ्यायला सुचवले होते. त्यांना मी हात जोडले. सुजलेले आतडे कोणी चोळायचे नसते.

त्याचबरोबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, की पुढीलपैकी काहीही झाले तर फोन न करता थेट रुग्णालयात जायचे : ताप १०१च्या वर टिकून राहणे, पाणीही उलटून पडणे, दुखणे डावीकडून पोटभर पसरणे, पोट कडक होणे, अंगाला गार घाम सुटून चक्कर येणे, लघवी फारच कमी होणे. आणि काहीच बिघडले नाही, पण ४८ ते ७२ तासांत दुखणे उतरणीलाही लागले नाही, तरी परत यायचे. कारण सीटी आजाराच्या पहिल्या दिवशी काढला असेल, तर तेव्हा नसलेले गळू तिसऱ्या दिवशी तयार झालेले असू शकते. रिपोर्टावरचे 'नाही' हे त्या तारखेपुरते असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन पोट तपासले. दुखणे होते तेवढेच होते आणि मला थोडी धाकधूक होती, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी ताप गेला, सीआरपी ३१ वर आला. पाचव्या दिवशी त्यांनी सुनेच्या हातची मुगाची खिचडी खाल्ली आणि मला निरोप पाठवला, की औषध न देता फी घेणारे डॉक्टर प्रथमच पाहिले.

आता ते दुसरे गृहस्थ. वय ६४, संधिवातासाठी कित्येक वर्षे रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. स्वतः स्कूटर चालवत आले. तीन दिवस पोटात "जरा जड वाटतंय" एवढीच तक्रार. ताप ९९. पोट मऊ. दाबले तर डावीकडे किंचित कसर. मी ॲसिडिटीच्या गोळीचे नाव लिहायलाही घेतले होते. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, हे कधी तक्रार करत नाहीत. आणि दोन दिवस ताटात निम्मं टाकतायत." त्या वाक्याने माझा हात थांबला.

स्टेरॉइड दाहाला दडपते. संधिवातात ते हवेच असते. पण पोटात खरोखर आग लागली असताना तेच स्टेरॉइड ताप, वेदना आणि पोटाचा कडकपणा या तिन्ही धोक्याच्या घंटा बंद करून ठेवते. शिवाय या औषधावर असलेल्यांत पिशवीला भोक पडण्याचा धोकाही अधिक असतो. म्हणून अशा रुग्णाचे पोट मऊ लागले, यावर डॉक्टरने निर्धास्त होऊ नये. मी क्षणभर झालो होतो. रक्त तपासले. पांढऱ्या पेशी १६,२००. त्या स्टेरॉइडमुळेही वाढतात, म्हणून एवढ्यावर काही म्हणता आले नसते. पण सीआरपी १७८ होता. सीटीत तेच दोन शब्द होते, आणि खाली बाईंच्या रिपोर्टात नसलेली ओळ : सिग्मॉइडलगत हवेचे काही बुडबुडे आणि ४.६ सेंटिमीटरचे, कड उजळलेले पुवाचे गळू.

त्यांना त्याच संध्याकाळी दाखल केले. स्कूटर तेथेच ठेवून. शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली, दुसऱ्या दिवशी सीटीच्या मदतीने नळी घालून पू काढला आणि तो कल्चरला पाठवला. मेथोट्रेक्सेट संसर्ग आटोक्यात येईपर्यंत थांबवले. स्टेरॉइड मात्र थांबवले नाही, उलट त्या काळापुरते वाढवले. हे घरच्यांना चमत्कारिक वाटले. परंतु दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्याच्या शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे जवळजवळ सोडून दिलेले असते. ऐन आजारात ते एकाएकी बंद केले, तर रक्तदाब कोसळू शकतो. घरी उपचार घेणाऱ्या कोणाही रुग्णाने ही गोळी स्वतःच्या मनाने सोडू नये, ती याचसाठी. पाचव्या दिवशी नळी निघाली, आठव्या दिवशी ते घरी आले. पुढे आतड्याचा तो भाग काढून टाकावा का, याचा विचार सर्जनसोबत सावकाश झाला. तशी घाई नव्हती.

ज्यांचे मूत्रपिंड-प्रत्यारोपण झाले आहे, ज्यांची केमोथेरपी सुरू आहे, त्यांनाही हेच लागू. अशा रुग्णाच्या रिपोर्टात तिन्ही 'नाही' असले, तरी मी त्यांना पहिले काही दिवस घरी ठेवत नाही.

राहिला दुर्बिणीचा, म्हणजे कोलोनोस्कोपीचा प्रश्न. बाईंच्या मुलाला ती लगेच करून हवी होती. दाह चालू असताना आतड्यात हवा भरून दुर्बीण फिरवणे धोक्याचे, म्हणून ती साधारण सहा ते आठ आठवडे थांबून करतात. जाड भिंतीआड लपलेला कर्करोग नाही ना, ही शंका फेडणे हा तिचा हेतू. मागील वर्षभरात चांगली कोलोनोस्कोपी झालेली असेल, तर बहुधा पुन्हा करावी लागत नाही. गळू किंवा भोक असलेल्या रुग्णांत ती टाळू नयेच, कारण कर्करोग निघण्याची शक्यता त्यांच्यात अधिक असते. दोघांचीही झाली. बाईंना पिशव्यांखेरीज काही निघाले नाही. गृहस्थांच्या आतड्यात एक लहान पॉलिप होता, तो तेव्हाच काढला.

बरे झाल्यावर बाईंनी विचारले, "आता तीळ, शेंगदाणे, पेरूच्या बिया कायमच्या बंद ना?" संक्रांत तोंडावर होती. बिया पिशवीत अडकून दाह करतात, ही समजूत डॉक्टरांनीच अनेक दशके पसरवली. २००८ मध्ये अमेरिकेत ४७,०००हून अधिक पुरुषांचा १८ वर्षांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दाणे, सुकामेवा किंवा मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांत हा आजार अधिक आढळला नाही. दुखणे पुरते शमल्यावर भाज्या, डाळी, ज्वारी-बाजरीची भाकरी असा चोथा असलेला आहार हळूहळू वाढवावा, तंबाखू सोडावी, वजन आवरावे आणि गुडघे दुखले की डायक्लोफिनॅकची गोळी उचलण्याची सवय मोडावी. पहिल्या झटक्यातच गुंतागुंतीचा धोका सर्वाधिक असतो, पुढच्या प्रत्येक झटक्यागणिक तो वाढत जातो असे नाही, हेही मी त्यांना सांगितले. बाईंनी ते ऐकून घेतले आणि संक्रांतीला तिळगुळाचा डबा पाठवून दिला. वर चिठ्ठी होती, "यातले दोन मी खाल्ले आहेत."